उजवा बाण चार वेळा

नारायणगावात खतांच्या दुकानाच्या वर दोन खोल्यांचं एक कार्यालय होतं. माझी पहिली नोकरी तिथली. आम्ही तिघंच होतो. सर म्हणजे मालक, डेटा एंट्री करणाऱ्या ताई आणि वेबसाइट सांभाळणारी मी. जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांत जी घरं पाहुण्यांना मुक्कामाला ठेवतात, त्यांची यादी आम्ही चालवायचो. द्राक्षाचे मळे बघायला येणारे, पावसाळ्यात माळशेजकडं जाणारे, भीमाशंकरला दर्शनाला निघालेले लोक आमच्या यादीतून घर शोधायचे आणि फोन करायचे.

मी घोडेगावची. आई शाळेत खिचडी शिजवायची, वडील दुसऱ्यांच्या ट्रॅक्टरवर चालक. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. कॉम्प्युटरची पदवी घेतली, पण इंग्रजी बोलताना अडखळायचे, म्हणून पुण्यातल्या दोन मुलाखतींमधून परत आले होते. सरांनी इंग्रजीत एकही प्रश्न विचारला नाही. वेबसाइटचं एक मोडलेलं पान दाखवलं आणि म्हणाले, "हे नीट करून दाखव." मी तासाभरात केलं. त्या दिवसाबद्दल मी सरांची आजही ऋणी आहे. पुढं जे सांगणार आहे त्यात त्यांच्यावर राग आहे असं कुणी समजू नये.

ताई बोरी बुद्रुकच्या. वय चाळिशीच्या पुढं, शिक्षण बारावी आणि टायपिंगच्या दोन परीक्षा. सासरी त्यांना रोज घराबाहेर पडायला मिळालं ते या नोकरीमुळं, आणि ती मिळवायला घरात त्यांना दोन वर्षं भांडावं लागलं होतं, असं त्यांनीच मला डबा खाताना सांगितलं होतं. त्यांचं काम असं की डोंगराकडच्या घरांत रेंज नसते, शिवाय वयस्कर पाहुण्यांना मोबाइलवर अभिप्राय द्यायचा कंटाळा. म्हणून आम्ही प्रत्येक घरात छापील कार्डं ठेवली होती. पाहुणे जाताना त्यावर एक ते पाच ताऱ्यांपैकी जितके द्यायचे तितके रंगवायचे, खाली दोन ओळी लिहायचे. महिन्याला कार्डांचे गठ्ठे यायचे आणि ताई ती कॉम्प्युटरवर चढवायच्या.

त्या माउसला सहसा हात लावत नसत. डाव्या बाजूला कार्डांचा गठ्ठा, मान डावीकडं वळलेली आणि बोटं कीबोर्डवर. घराचा नंबर, टॅब, तारीख, टॅब, तारे, टॅब, दोन ओळींचा मजकूर, टॅब, सेव्ह. पडद्याकडं त्या बघतच नसत. मी एकदा विचारलं तर म्हणाल्या, "स्वयपाक करताना मिठाच्या डब्याकडं बघतीस का तू? हात जातोच ना."

जुन्या फॉर्मवर ताऱ्यांच्या जागी नुसती पाच गोल बटणं होती, त्यांच्यापुढं एक ते पाच आकडे. त्यांना रेडिओ बटणं म्हणतात. पाचांतलं एक निवडलं की आधीचं आपोआप सुटतं. सरांना ते आवडायचं नाही. "मोठ्या साइटवर कसे तारे असतात बघ," ते म्हणाले. "बोट नेलं की सोनेरी होणारे. आपले पाहुणे काय परीक्षेचा पेपर सोडवायला येतात का?"

मी तारे करायला घेतले. काम दिसतं तितकं सोपं नाही. तिसऱ्या ताऱ्यावर बोट ठेवलं तर पहिले तीन सोनेरी आणि उरलेले दोन करडे दिसायला हवेत. तारे म्हणजे मुळात रेडिओ बटणंच. बटण नजरेआड करायचं, त्याच्या लेबलात ताऱ्याचं चिन्ह ठेवायचं. लेबल दाबलं की बटण निवडलं जातं. रंगाचे नियम सीएसएस या भाषेत लिहितात, आणि त्या भाषेत एका पाठोपाठ एक येणाऱ्या, एकाच घरातल्या गोष्टींना भावंडंच म्हणतात. निवडलेल्या बटणावरून त्याच्या भावंडांना रंग द्यायचं एक चिन्ह आहे, पण ते फक्त पुढच्या भावंडांपर्यंत पोचतं. थोरल्याचं धाकट्यांना लागू होतं, धाकट्याचं थोरल्याला नाही. म्हणजे तिसरं बटण निवडलं तर तिसरा, चौथा आणि पाचवा रंगणार. मला तर पहिला, दुसरा, तिसरा रंगवायचा होता.

दोन दिवस मी अडले. मग एका व्हिडिओत तोडगा सापडला आणि खुर्चीतल्या खुर्चीत हसू आलं. फाइलमध्ये बटणं उलट्या क्रमानं लिहायची. आधी पाच, मग चार, तीन, दोन, एक. आणि पडद्यावर दाखवताना ती ओळ उलटी फिरवायची, म्हणजे बघणाऱ्याला डावीकडून एक, दोन, तीन, चार, पाच असंच दिसतं. आता तीन निवडला की फाइलमध्ये त्याच्या मागून येणारी भावंडं म्हणजे दोन आणि एक. रंग बरोबर जातो. जावास्क्रिप्टची, म्हणजे वेगळ्या प्रोग्रॅमची, एकही ओळ लागत नाही.

एक काळजी मी मुद्दाम घेतली होती. बटण पूर्ण काढून टाकल्यासारखं लपवलं तर कीबोर्ड त्याच्यापर्यंत पोचत नाही. ताई कीबोर्डवरच काम करतात हे मला ठाऊक होतं, म्हणून मी ते नुसतं पारदर्शक केलं. टॅब दाबून ताऱ्यांवर गेले, बाण एकदा दाबला, तारे उजळले. चालतंय म्हणून मी खूश झाले. एकदा बाण दाबल्यावर चार तारे कसे उजळले, हा प्रश्न माझ्या मनात आलाच नाही.

"जमलं की गं," ताई दुरून बघून म्हणाल्या. "दिवाळीतल्या आकाशकंदिलागत झालंय."

"तुमचं काम तसंच राहील ताई," मी म्हणाले. "टॅब आणि बाण. काही बदललं नाही."

हे वाक्य माझं आहे. ते मी अजून विसरलेले नाही.

दोन महिने गेले. साइटवर नियम होता की ज्या घराची गेल्या दोन महिन्यांतली सरासरी तीनच्या खाली जाईल ते यादीतून आपोआप उतरेल. एका सोमवारी मढच्या मावशींचा फोन आला. त्यांचं घर भातखाचरांच्या कडेला, हातची भाकरी आणि घरचा तांदूळ, आमच्या यादीतलं सगळ्यांत आवडतं घर. रेंजसाठी त्या टेकडीवर चढून बोलत होत्या.

"सायेब, आमचं घर कुटं गेलं? पावणं म्हणत्यात सापडत न्हाई."

सरांनी साइट उघडली. मावशींची सरासरी दीडच्या आसपास. आणि सगळ्यांत वर भीमाशंकरच्या रस्त्यावरचं, यादीत नव्यानं आलेलं एक घर, ज्याच्या संडासाची तक्रार प्रत्येक कार्डावर होती. त्याला पावणेपाच तारे.

सरांनी मढचा कार्डांचा गठ्ठा काढायला लावला. मी वाचत गेले, ते पडद्यावर बघत गेले. कार्डावर पाच, पडद्यावर एक. कार्डावर पाच, पडद्यावर एक. कार्डावर चार, पडद्यावर दोन. ताई पाणी प्यायला उठल्या होत्या, त्या दारातच थांबल्या.

"ताई, हे काय आहे?" सर म्हणाले.

"मी बरोबर टाकलंय."

"हे बघा ना. पाचाचं एक. चाराचं दोन."

"सर, मी बरोबरच टाकलंय. पयल्यापासून जसं टाकते तसंच."

तिथं मी बोलले. मला काही लपवायचं नव्हतं, आपल्याला उत्तर सापडलं असंच मला मनापासून वाटलं होतं. मी म्हणाले, "सर, हे सगळं नेमकं उलटं झालंय. पाचाचं एक, चाराचं दोन, आणि तिनाचं तीनच. आपल्याकडं चांगल्याला 'एक नंबर' म्हणतात ना? जेवण एक नंबर, गाडी एक नंबर. ताईंनी तारे नंबरासारखे घेतले असतील. सगळ्यांत चांगलं म्हणजे एक."

सरांना ते लगेच पटलं. इतकं पटलं की ते हसले. "बघा, मुलीनं बरोबर पकडलं. अहो ताई, एक नंबर आणि एक तारा यांत फरक असतो."

ताईंनी माझ्याकडं बघितलं. आवाज वाढला नाही. "मला एक नंबर आन् एक तारा कळत न्हाई व्हय गं? चार वर्सं टाकतीय. तवा न्हाई उलटं झालं ते?"

मी माझं म्हणणं तिथंच मागं घ्यायला हवं होतं. पण मी गप्प बसले, आणि गप्प बसणं म्हणजे माझं म्हणणं कायम ठेवणंच होतं.

सर तसे वाईट नव्हते. पण दोन महिन्यांत सतरा-अठरा घरांची उलथापालथ झाली होती आणि प्रत्येक जण फोन करत होता. "आमच्या ऑपरेटरची चूक झाली," असं ते प्रत्येकाला सांगत होते. बोरी बुद्रुकमध्येही आमच्या यादीतली दोन घरं होती. एक ताईंच्या चुलत जावेचं. मंगळवारी संध्याकाळी सर त्यांना म्हणाले, "ताई, हा आठवडा पूर्ण करा. शनिवारनंतर मी दुसरं कुणीतरी बघतो. मला तुमच्याबद्दल काही नाही, पण लोकांना काय सांगू?"

ताईंनी मान हलवली आणि पर्स घेऊन निघाल्या. जिन्यात मला म्हणाल्या, "घरी आता म्हणत्याल, बरं झालं, बस म्हनं घरी. जाऊबाईला तर सणच."

"ताई, मी उद्या तुम्हाला नवा फॉर्म पुन्हा समजावून देते. मग सरांशी बोलू."

"समजावून दे," त्या म्हणाल्या. "शिकलेली हायेस तू."

टोमणा होता आणि तो मला लागायला हवा तसा त्या वेळी लागला नाही. एसटीत मंचरला गाडी बदलेपर्यंत मी मनात धडा तयार करत होते. एक तारा म्हणजे वाईट, पाच म्हणजे उत्तम, कागदावर चित्र काढून दाखवायचं. आई मला म्हणायची, शिकलेल्या माणसानं न शिकलेल्याला कमी लेखू नये. मी तर कमी लेखत नाही, मी मदत करते आहे, अशीच माझी समजूत होती.

बुधवारी सकाळी मी खुर्ची ओढून ताईंच्या शेजारी बसले. सर जुन्नरला गेले होते. मी म्हणाले, "आधी तुम्ही एक कार्ड टाकून दाखवा. मी बघते."

"तू बघ. मी बघत न्हाई," त्या म्हणाल्या आणि मान डावीकडं वळवली.

कार्डावर पाच तारे रंगवलेले. ताईंनी घराचा नंबर टाकला, टॅब, तारीख, टॅब. मग उजव्या हाताचं बोट उजव्या बाणावर गेलं. टक, टक, टक, टक. चार वेळा. तोंडानं हळूच म्हणाल्या, "दोन, तीन, चार, पाच."

मी पडद्याकडं बघत होते. चार तारे, तीन तारे, दोन तारे, एक तारा.

"थांबा," मी म्हणाले. "पुन्हा करा."

"काय झालं?"

"पुन्हा करा ना ताई. हळू."

त्यांनी पान नव्यानं उघडलं आणि पुन्हा केलं. टॅब, आणि उजवा बाण चार वेळा. पडद्यावर पुन्हा एकच तारा राहिला.

तेव्हा मला सगळं दिसलं. टॅब दाबल्यावर कीबोर्ड ताऱ्यांच्या ओळीतल्या पहिल्या बटणावर जातो. पहिलं म्हणजे डोळ्यांना दिसणारं पहिलं नाही, फाइलमध्ये लिहिलेलं पहिलं. जुन्या फॉर्ममध्ये ते एकाचं बटण होतं. त्यावरून उजवा बाण चार वेळा दाबला की पाच निवडलं जायचं. माझ्या नव्या फॉर्ममध्ये फाइलमधलं पहिलं बटण पाचाचं. उजवा बाण म्हणजे 'पुढचं बटण', आणि पाचाच्या पुढचं चार. दिसायला मात्र उजवा बाण दाबल्यावर तारे डावीकडं सरकत होते. चार वेळा दाबलं की एक. तीन वेळा दाबलं की दोन. दोन वेळा दाबलं तर दोन्ही बाजूंनी तीनच येतं, म्हणून तिनाचं तीनच राहिलं होतं. आणि एका ताऱ्यासाठी ताई बाण न दाबता नुसता स्पेस दाबायच्या. त्यानं माझ्या फॉर्ममध्ये पाच निवडलं जात होतं. संडासाच्या तक्रारीचं ते घर असं वर चढलं होतं.

मी ओळ फक्त डोळ्यांसाठी फिरवली होती. कीबोर्डसाठी ती उलटीच राहिली होती.

"ताई," मी म्हणाले, "तुमचं बरोबर आहे. चूक माझी आहे."

त्यांनी मान वळवून पडद्याकडं पाहिलं. मी त्यांना कागदावर चित्र काढून दाखवलं, पण आदल्या दिवशी ठरवलेलं चित्र नव्हे. फाइलमधला क्रम वर, पडद्यावरचा खाली. त्यांना एकदाच सांगावं लागलं.

"म्हंजे दार पश्चिमेला केलंस आन् मला सांगितलंस पूर्वेलाच हाय."

"हो."

"आन् मी रोज भिंतीवर धडकत व्हते."

"हो ताई."

"लागत पन न्हवतं, त्येच तर वाईट."

त्यांनी हातातलं कार्ड गठ्ठ्यावर ठेवलं. मग त्या म्हणाल्या, "सरांना सांगशील?"

खरं सांगते, मला भीती वाटली. सहा महिन्यांची नोकरी. दुसरी कुठं मिळेल की नाही माहीत नाही. घरी माझ्या पहिल्या पगारातून आईला आणलेला मिक्सर. पण ताईंना विचारावं लागलं याचीच लाज जास्त वाटली. म्हणाले, "आजच सांगते."

सर दुपारी आले. मी त्यांना खुर्चीत बसवलं, ताईंना कार्ड टाकायला सांगितलं आणि पडदा दाखवला. मग फाइल उघडून उलटा क्रम दाखवला. सरांनी स्वतः टॅब आणि बाण दाबून पाहिलं.

"मग ते एक नंबरचं?"

"ते मी मनानं सांगितलं. चुकीचं होतं."

"मोबाइलवरून आलेले अभिप्राय?"

"ते बरोबर आहेत. बोटानं तारा दाबला तर उलटं होत नाही. फक्त कीबोर्डवरचं."

सर हिशेबी माणूस. लगेच म्हणाले, "मग सोपंय. ताईंनी टाकलेला प्रत्येक आकडा सहातून वजा कर. एकाचे पाच, दोनाचे चार. दहा मिनिटांचं काम."

"नाय सर," ताई म्हणाल्या. "एखाद्या येळी हात चुकला म्हनून मी माउसनं दाबलं आसंल. ते बरोबर आसंल, तुमी वजा केलं की बिघडंल. कार्डं हायेत ना? कार्डं बघू."

त्यांचं म्हणणं बरोबर होतं आणि ते माझ्या आधी त्यांच्या लक्षात आलं. सर म्हणाले, "शनिवारपर्यंत होईल?"

"शनवारपर्यंत हायेच की मी," ताई म्हणाल्या.

सरांनी खाली बघितलं. "शनिवारचं राहू द्या ताई. ते मी बोललो ते राहू द्या."

"माझं राहू द्या. पन तुमी सगळ्यांना फोनवर सांगितलंत त्याचं काय? माझ्या जावंला सांगितलंय तुमी, ऑपरेटरची चूक. ती गावभर सांगून आली."

सर म्हणाले, "सांगू, कॉम्प्युटरची चूक होती म्हणून."

"कॉम्प्युटरची नाही," मी म्हणाले. "माझी. तसंच सांगा."

सरांनी त्या दिवशी सगळ्या घरांना फोन केले. स्पीकरवर, ताईंच्या समोर. बहुतेकांनी "बरं बरं" म्हणून ठेवून दिला. ताईंच्या जाऊबाई म्हणाल्या, "असं व्हय," आणि लगेच दुसरा विषय काढला. ताईंनी माझ्याकडं बघून भुवया उडवल्या. मढच्या मावशी मात्र म्हणाल्या, "कुनाची का आसंना चूक, घर दिसाया लागलं का त्ये सांगा आदी."

फॉर्म मी त्याच रात्री नाही, दुसऱ्या दिवशी शांतपणे दुरुस्त केला. फाइलमध्ये बटणं सरळ क्रमानं लिहिली. एक, दोन, तीन, चार, पाच. पुढच्या भावंडांनाच रंग देता येतो ना, मग मी उलटा विचार केला. एखादा तारा निवडला की आधी सगळे सोनेरी करायचे आणि निवडलेल्याच्या पुढचे तेवढे करडे करायचे. काहीच निवडलेलं नसेल तेव्हा सगळे करडे राहावेत, यासाठी आतलं एखादं बटण निवडलेलं आहे का हे बाहेरच्या चौकटीला विचारणारा एक नवा नियम आता मिळतो, तो वापरला. दिसायला तारे आधीसारखेच. या वेळी मी स्वतः तपासलं नाही. ताईंना पाच कार्डं दिली आणि त्या टाकत असताना पडदा बघत बसले. पाचही बरोबर आली.

शनिवारपर्यंत आम्ही दोघींनी सगळी कार्डं पुन्हा पाहिली. ताई कार्ड वाचायच्या, मी पडद्यावरचा आकडा सांगायचे. तेरा कार्डं खरंच माउसनं टाकलेली निघाली. वजाबाकी केली असती तर ती बिघडली असती. मढचं घर पुन्हा वर आलं. भीमाशंकरच्या रस्त्यावरचं घर यादीतून उतरलं आणि त्या घरमालकाचा फोन मात्र सरांनी उचलला नाही, मला दिला.

मी आणखी दीड वर्ष तिथं काम केलं. नंतर पुण्याला आले. आता ज्या कंपनीत आहे तिथं कीबोर्डनं फॉर्म तपासणं हे माझ्याकडं आहे, आणि मुलाखतीत मी हीच गोष्ट सांगितली होती, अडखळत, इंग्रजीत.

ताई अजून तिथंच आहेत. त्यांचं काम चोख आहे. पण त्या घटनेनंतर मी तिथं होते तोवर मी पाहिलं, प्रत्येक कार्डानंतर त्या मान वळवून पडद्याकडं बघायच्या. आधी दिवसाला जितकी कार्डं व्हायची त्याच्या पाऊणच होऊ लागली. मी एकदा म्हणाले, "ताई, आता नका बघू. आता सरळ आहे."

"म्हाईत हाय," त्या म्हणाल्या, आणि पुढचं कार्ड टाकून पडद्याकडं बघितलं.